सीएमएमचं रीडिंग टॉलरन्समध्ये आहे की नाही: मापन अनिश्चितता धरून निकाल कसा द्यावा

बोअर ६२ एच७. ड्रॉइंगवर मर्यादा ६२.००० ते ६२.०३०. सीएमएमने, म्हणजे प्रोबने जॉबला स्पर्श करून बिंदूंवरून माप काढणाऱ्या मशीनने, ६२.०२९ दाखवलं, रिपोर्टवर हिरवी पट्टी आली, जॉब पास झाला आणि गाडी निघाली. आठ दिवसांनी ग्राहकाच्या सीएमएमवर तोच जॉब ६२.०३१ आला आणि आख्खी लॉट परत आली. मग दोन्हीकडचे लोक फोनवर ‘आमचं मशीन बरोबर’ म्हणत बसतात. मापन अनिश्चितता, म्हणजे खरं माप रीडिंगच्या किती इकडे-तिकडे असू शकतं तो अंदाज, तीन मायक्रॉन असेल तर ही दोन्ही रीडिंग एकाच जॉबची असू शकतात आणि दोन्ही मशीन बरोबर असू शकतात. निकाल देण्याची पद्धत तेवढी चुकलेली असते.

सॉफ्टवेअर दाखवलेला आकडा मर्यादेशी ताडून पाहतं आणि तिथेच थांबतं. त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे त्याला माहीत नसतं. ते काम आपलं आहे, आणि त्याला ठरलेला क्रम आहे. चुका होतात त्या बहुतेक क्रम उलटा केल्यामुळे: आधी रीडिंग बघायचं, ते काठावर आलं की मग अनिश्चितता आठवायची. इथे मी एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो. अॅल्युमिनियमच्या गिअर हाउसिंगमधला बेअरिंगचा बोअर, ६२ एच७, ब्रिज प्रकारच्या सीएमएमवर टच प्रोबने मोजलेला.

## १. ‘व्यास’ म्हणजे नेमका कोणता व्यास, ते ठरवा

प्रोग्राम उघडण्याआधी ड्रॉइंग उघडा. बोअर कधीच पूर्ण गोल नसतो, त्यामुळे त्याला एकच व्यासही नसतो. घेतलेल्या सगळ्या बिंदूंमधून सरासरीने बसणारं वर्तुळ एक व्यास देतं. बोअरमध्ये मावणारं सर्वांत मोठं वर्तुळ त्याहून लहान व्यास देतं. समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर तिसराच आकडा देतं. आयएसओच्या ड्रॉइंगवर नुसतं माप लिहिलेलं असेल तर अर्थ दोन बिंदूंमधल्या अंतराचा असतो. मापापुढे गोलातला ‘ई’ असेल तर मोठ्या मर्यादेला तोच अर्थ राहतो, पण लहान मर्यादेला बोअरमध्ये मावणारं सर्वांत मोठं सिलिंडर बघावं लागतं. सीएमएम मात्र न सांगता सरासरीचं वर्तुळ देऊन मोकळं होतं.

आपल्या उदाहरणात ग्राहकाने सरासरी वर्तुळाचा व्यास लेखी मान्य केला आहे, असं धरू. प्रत्यक्षात हे विचारून घ्यावं लागतं. दोन बाजू दोन वेगळ्या व्यासांवर भांडत असतील तर अनिश्चिततेचं कितीही शुद्ध गणित केलं तरी ते भांडण मिटत नाही.

बिंदू किती घ्यायचे हेही इथेच ठरवा. तीन जबड्यांच्या चकमध्ये धरलेल्या हाउसिंगचा बोअर सुटल्यावर थोडा तीन-कोनी होतो. तो तीनच बिंदूंनी मोजला तर तिन्ही बिंदू फुगवट्यांवर पडू शकतात, नाहीतर तिन्ही खोलगट भागांवर, आणि व्यास सरळ चुकतो. चार बिंदू घेतले तर व्यास बरा येतो, पण फुगवटा दिसतच नाही. सॉफ्टवेअर गोलाई उत्तम दाखवतं आणि केंद्र मात्र हळूच सरकलेलं असतं. म्हणून मी अशा बोअरला बारापेक्षा कमी बिंदू घेत नाही.

तपासणी: एक जॉब बारा बिंदूंनी मोजा, मग तोच फिक्स्चरमध्ये साधारण ४० अंश फिरवून परत मोजा. व्यासात एक मायक्रॉनहून जास्त फरक पडला तर बिंदू वाढवा किंवा स्कॅनिंगला जा.

## २. निकालाचा नियम रीडिंग घेण्याआधी लिहून ठेवा

अनिश्चितता निकालात कशी धरायची याचे एकापेक्षा जास्त मान्य मार्ग आहेत, आणि काठावरच्या जॉबला ते वेगवेगळा निकाल देतात. म्हणूनच नियम आधी हवा.

ड्रॉइंगवर किंवा करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल आणि दोन्ही बाजू आयएसओच्या पद्धतीने चालत असतील, तर आयएसओ १४२५३-१ लागू होतं. त्याचा गाभा सोपा आहे: ज्याने सिद्ध करायचं, त्याच्या अंगावर अनिश्चितता. पुरवठादाराला ‘जॉब बरोबर आहे’ असं सिद्ध करायचं असेल तर त्याने टॉलरन्स दोन्ही काठांकडून आत ओढून घ्यायचा. ग्राहकाला ‘जॉब चुकीचा आहे’ असं सिद्ध करायचं असेल तर त्याने मर्यादा बाहेर ढकलायची. २०१७ च्या आवृत्तीनुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर ९५ टक्के खात्री पुरेशी धरतात.

दुसरा मार्ग साध्या स्वीकाराचा: रीडिंग मर्यादेत असेल तर पास, अनिश्चितता फक्त एका ठरावीक कमाल आकड्याच्या आत असल्याची खात्री करायची. वाहन उद्योगात हा सर्रास चालतो. तो चुकीचा नाही, पण त्याची किंमत माहीत हवी. रीडिंग नेमकं काठावर असेल तर जॉब प्रत्यक्षात बाहेर असण्याची शक्यता निम्मी असते. तिसरा मार्ग म्हणजे काठापासून पूर्ण विस्तारित अनिश्चिततेइतकं आत येणं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांच्या रिपोर्टवर हा बऱ्याचदा दिसतो. आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार चालणाऱ्या प्रयोगशाळेने पास-नापास लिहायचं तर आपला निर्णय-नियम ग्राहकाला सांगून मान्य करून घ्यावा लागतो. तुम्ही बाहेर मोजायला देत असाल तर नियम विचारून घ्या.

आपण इथे पहिला मार्ग घेऊ. आपण पुरवठादार आहोत.

सावधान: ‘नियम नंतर बघू’ म्हणणाऱ्या खात्यात चांगल्या दिवशी साधा स्वीकार चालतो आणि ऑडिटच्या दिवशी कडक नियम येतो. अशा खात्यातले जुने रिपोर्ट वादाच्या वेळी कामाला येत नाहीत.

## ३. जॉब २० अंशांवर आणा

अनिश्चिततेच्या गणितात घाईची भरपाई नसते. अॅल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ६२ मिमीच्या बोअरला अंशामागे जवळपास १.४ मायक्रॉन. आपला सगळा टॉलरन्स तीस मायक्रॉनचा आहे.

एकदा दुपारी वॉशिंगमधून आलेलं हाउसिंग सरळ सीएमएमच्या ग्रॅनाइटवर ठेवलेलं मी पाहिलं. वरून खोलीतल्या हवेइतकं गार वाटत होतं, पण बोअरच्या आत बोट घातलं की ऊब कळत होती. रीडिंग आलं ६२.०३३५. तेच हाउसिंग न हलवता अडीच तास तिथेच राहू दिलं आणि परत मोजलं, तर ६२.०२६८. फरक ६.७ मायक्रॉन, म्हणजे पावणेपाच अंशांच्या आसपास. पहिल्या आकड्यावर त्या जॉबला लाल शेरा मिळाला होता, आणि त्यात जॉबचा काहीच दोष नव्हता.

मशीनमध्ये तापमानाची भरपाई असली तरी जॉबचा सेन्सर खरोखर जॉबलाच लागलाय ना ते बघा. चुंबकाचा सेन्सर अॅल्युमिनियमला चिकटत नाही. मग तो फिक्स्चरच्या स्टीलच्या प्लेटला लावला जातो आणि सॉफ्टवेअर फिक्स्चरचं तापमान जॉबचं समजून भरपाई करतं. अशा जॉबला क्लिपचा किंवा टेपने चिकटवायचा सेन्सर लागतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रसरण गुणांक स्टीलचाच राहून गेलेला नाही ना, तेही पाहा.

तपासणी: अर्ध्या तासाच्या अंतराने दोन रीडिंग घ्या. दोन्हीत अर्ध्या मायक्रॉनहून जास्त फरक एकाच दिशेने जात असेल तर जॉब अजून थंड होतोय. थांबा.

## ४. या बोअरची अनिश्चितता काढा, मशीनची नव्हे

सर्वांत जास्त चुका इथे होतात.

नेहमीची चूक अशी: मशीनच्या सर्टिफिकेटवरचा आकडा उचलायचा आणि तीच अनिश्चितता म्हणायची. समजा मशीनची कमाल मान्य त्रुटी १.९ + एल/३०० मायक्रॉन लिहिली आहे, लांबी मिमीत. ६२ मिमीला ती २.१ मायक्रॉन येते. हा आकडा मशीन मान्यतेच्या चाचणीत पास झालं एवढंच सांगतो, आणि ती चाचणी गेज ब्लॉकसारख्या स्वच्छ, सपाट तोंडांमधल्या लांबीवर केलेली असते. तुमचं फिक्स्चर, तुमचा लांब स्टायलस, तीन-कोनी बोअर, दुपारचं तापमान, दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर यातलं काहीच त्यात नसतं. प्रत्यक्ष अनिश्चितता त्याहून जास्त निघू शकते. क्वचित कमीही निघते.

शॉपमध्ये झेपेल असा खात्रीचा मार्ग आयएसओ १५५३०-३ मध्ये आहे: आपल्याच जॉबसारखा एक कॅलिब्रेट केलेला जॉब घ्यायचा आणि तो नेहमीच्या पद्धतीने पुन्हा पुन्हा मोजायचा.

मास्टर तयार करा. उत्पादनातलं एक चांगलं हाउसिंग निवडा. धातू तोच, मशिनिंग तेच, बोअर टॉलरन्सच्या मध्याजवळचा. ते एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेट करून आणा. पाठवताना कोणता व्यास आणि कोणत्या उंचीवर, हे लेखी द्या, नाहीतर पहिल्या टप्प्यातला घोळ मास्टरमध्येच शिरतो. स्टीलची सेटिंग रिंग वापरायचा मोह होतो, कारण ती कपाटात असतेच. पण रिंग गुळगुळीत, गोल आणि स्टीलची असते. तिच्यावरून काढलेली अनिश्चितता रिंगला लागू पडते, अॅल्युमिनियमच्या हाउसिंगला नाही.

आपल्या मास्टरचं सर्टिफिकेट म्हणतं: ६२.०१४२ मिमी, विस्तारित अनिश्चितता १.२ मायक्रॉन, के बरोबर २. प्रमाण अनिश्चितता म्हणजे एका प्रमाण विचलनाएवढी शंका; तिला के या गुणकाने गुणलं की विस्तारित अनिश्चितता मिळते. म्हणून पहिला घटक, म्हणजे मास्टरची प्रमाण अनिश्चितता, ०.६ मायक्रॉन. दोनने भागायला विसरणं आणि दोनदा भागणं या दोन्ही चुका मी पाहिल्या आहेत. सर्टिफिकेटवरचा के वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मास्टर वीस वेळा मोजा, पण खऱ्या परिस्थितीत. मानकाची अपेक्षा किमान दहा फेऱ्या आणि एकूण किमान वीस मोजमापं अशी आहे. प्रत्येक फेरीला जॉब फिक्स्चरमधून काढून पुन्हा लावायचा. आठवडाभर, सकाळी आणि दुपारी, दोन्ही शिफ्टच्या ऑपरेटरकडून, स्टायलस पुन्हा कॅलिब्रेट करून मोजायचं. अडचण सांगितली की लोक एका दुपारी प्रोग्राम वीसदा सलग फिरवतात. जॉब जागचा हलत नाही, विचलन ०.३ मायक्रॉन निघतं आणि सगळे खूश होतात. त्या ०.३ मध्ये फक्त मशीनची पुनरावृत्ती मोजलेली असते. तोच मास्टर नीट आठवडाभर मोजल्यावर आपल्या उदाहरणात प्रमाण विचलन १.१ मायक्रॉन आलं. दुसरा घटक १.१.

जॉब-जॉबमधला फरक धरा. मास्टर एकच आहे, उत्पादनातले बोअर मात्र एकसारखे नसतात. कुणाचा तीन-कोनीपणा जास्त, कुणाची खरखर जास्त. यासाठी दहा हाउसिंग घेऊन प्रत्येक आधी बारा बिंदूंनी आणि मग दाट स्कॅनिंगने मोजलं. दोन व्यासांमधल्या फरकांचं प्रमाण विचलन ०.८ मायक्रॉन आलं. तिसरा घटक ०.८. प्रसरण गुणांकातली शंकाही याच घटकात येते. पण खोली २० पासून दोन अंश ढळली आणि गुणांक दहा टक्क्यांनी चुकला तरी ६२ मिमीला परिणाम ०.३ मायक्रॉनच्याही आत राहतो. इथे तो सोडून देता येतो. ४०० मिमीच्या मापाला सोडता येणार नाही.

## ५. सततची चूक वेगळी काढा आणि वजा करा

वीस मोजमापांची सरासरी आली ६२.०१५६. सर्टिफिकेट म्हणतं ६२.०१४२. म्हणजे आपली पद्धत हा बोअर सतत १.४ मायक्रॉन मोठा दाखवते. कितीही वेळा मोजून सरासरी काढली तरी ही चूक जाणार नाही, कारण प्रत्येक रीडिंगमध्ये ती सारखीच बसलेली आहे.

ती दुरुस्त करायची: यापुढे या बोअरच्या प्रत्येक रीडिंगमधून १.४ मायक्रॉन वजा. दुरुस्तीलाही स्वतःची थोडी शंका असते, कारण सरासरी वीसच मोजमापांची आहे: १.१ भागिले वीसचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ०.२५. हा चौथा घटक.

दुरुस्ती करायची नसेल, म्हणजे ग्राहक कच्चंच रीडिंग मागत असेल, तर ती चूक विसरता येत नाही. विस्तारित अनिश्चिततेत ती सरळ मिळवावी लागते आणि पट्टा तेवढा अरुंद होतो.

आता चारही घटक एकत्र करा. साधी बेरीज करायची नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं.

```
u = √(0.6² + 1.1² + 0.8² + 0.25²) ≈ 1.5 µm
U = 2 × 1.5 = 3.0 µm   (k = 2)
```

म्हणजे प्रमाण अनिश्चितता दीड मायक्रॉन आणि विस्तारित तीन.

सावधान: ही १.४ ची दुरुस्ती फक्त या बोअरची, या स्टायलसची, या प्रोग्रामची आहे. ती शाफ्टच्या बाहेरच्या व्यासाला लावू नका. स्टायलसचा व्यास सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा गेला असेल तर बोअरची आणि शाफ्टची चूक उलट दिशांना जाते, आणि वजा करायच्या जागी मिळवायची वेळ येते. चूक तीन-चार मायक्रॉनवर गेली तर दुरुस्त करत बसण्याआधी कारण शोधा. कॅलिब्रेशनच्या गोळ्याचा व्यास सर्टिफिकेटवरून नीट टाइप केलाय का, हे मी पहिल्यांदा बघतो.

तपासणी: विस्तारित अनिश्चितता टॉलरन्सच्या किती टक्के आहे? इथे तीसपैकी तीन, म्हणजे दहा टक्के. हे चांगलं आहे. वीस टक्क्यांवर गेली की पुढच्या टप्प्यात इतके जॉब मधे अडकतात की पद्धतच बदलावी लागते.

## ६. स्वीकाराचा पट्टा आखा

आता आपण पुरवठादार म्हणून काठापासून किती आत यायचं ते ठरवू. ९५ टक्के खात्रीसाठी प्रमाण अनिश्चिततेला १.६५ ने गुणायचं, २ ने नाही. बरेच जण इथे अडखळतात. दोनचा गुणक रीडिंगच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या शंकेसाठी असतो. वरच्या काठाजवळच्या जॉबला भीती एकाच बाजूची असते: तो वर निसटेल का, एवढीच. खालचा काठ पंचवीस-तीस मायक्रॉन लांब आहे, तिकडून काही धोका नाही. एकाच बाजूला पाच टक्के सोडायचे तर गुणक १.६५ येतो. टॉलरन्स फारच अरुंद असेल, म्हणजे अनिश्चिततेच्या जेमतेम तीन-चार पट, तर दोन्ही काठांची भीती एकदम लागते आणि हा सोपा आकडा चालत नाही.

१.६५ गुणिले १.५ म्हणजे २.५ मायक्रॉन. त्यावरून आपले पट्टे असे पडतात.

६२.००२५ ते ६२.०२७५ या पट्ट्यात आलेला जॉब बरोबर असल्याचं आपण सिद्ध करू शकतो. ६१.९९७५ च्या खाली किंवा ६२.०३२५ च्या वर आलेला जॉब चुकीचा असल्याचं सिद्ध होतं. या दोन्हींच्या मधे, प्रत्येक काठाच्या आजूबाजूला पाच-पाच मायक्रॉनची पट्टी उरते. तिथे या मोजमापाने काहीच सिद्ध होत नाही, पास पण नाही आणि रिजेक्ट पण नाही.

हे आकडे रीडिंग बघण्याआधी कागदावर उतरवा आणि प्रोग्रामशेजारी लावा. रिपोर्टची हिरवी-लाल पट्टी याच आकड्यांवर चालावी असं वाटत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये कडक मर्यादा वेगळ्या रांगेत टाका. ड्रॉइंगचा मूळ टॉलरन्स खोडू नका. पुढचा माणूस ६२.०२७५ हीच ड्रॉइंगची मर्यादा समजेल आणि त्यातून पुन्हा अनिश्चितता वजा करेल. असं घडताना मी पाहिलंय, आणि तीन महिने चांगले जॉब भंगारात गेले होते.

## ७. तीन जॉब, तीन निकाल

पहिला जॉब. स्क्रीनवर ६२.०२८१. दुरुस्ती वजा केली की ६२.०२६७. हा ६२.०२७५ च्या आत आहे. पास. कच्च्या रीडिंगवर ताडलं असतं तर तो पट्ट्याबाहेर दिसला असता.

दुसरा जॉब. स्क्रीनवर ६२.०३०२, म्हणजे सॉफ्टवेअर लाल दाखवतं. दुरुस्तीनंतर ६२.०२८८. ड्रॉइंगच्या मर्यादेत, पण आपल्या पट्ट्याच्या बाहेर. पास म्हणता येत नाही, रिजेक्टही म्हणता येत नाही. किती खात्री आहे ते एक्सेलमध्ये एका ओळीत कळतं:

```
=NORM.DIST(62.0300, 62.0288, 0.0015, TRUE)
```

उत्तर ०.७९ च्या जवळ येतं. म्हणजे जॉब मर्यादेत असण्याची शक्यता ७९ टक्के, आणि नियम ९५ मागतो. साध्या स्वीकाराचा करार असता तर हाच जॉब पास झाला असता. तोच जॉब, तेच मशीन, तोच आकडा, तरी नियमाप्रमाणे निकाल बदलतो. दुसऱ्या टप्प्याचा आग्रह मी यासाठीच धरला.

तिसरा जॉब. स्क्रीनवर ६२.०३४७, दुरुस्तीनंतर ६२.०३३३. हा ६२.०३२५ च्याही वर आहे. बाहेर असल्याचं सिद्ध झालं. यावर कुणी ‘तीन मायक्रॉन तर अनिश्चितताच आहे, सोडून द्या’ म्हणालं तर त्याने गणित उलटं धरलेलं आहे. पुरवठादाराने मर्यादेत अनिश्चितता मिळवून टॉलरन्स वाढवायचा, ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे.

तपासणी: निकालाआधी आकडे गोल करू नका. ६२.०२७४ आणि ६२.०२७६ तीन दशांशांवर ६२.०२७ आणि ६२.०२८ होतात, आणि निकाल आकड्यावर न ठरता गोल करण्यावर ठरतो. चार दशांश ठेवा, गोल शेवटी करा.

## ८. मधल्या पट्टीत अडकलेल्या जॉबचं काय करायचं

‘हवं ते येईपर्यंत परत मोजा’ हे करायचं नाही. दुसरा जॉब पाचदा मोजला तर एखादं रीडिंग पट्ट्याच्या आत पडू शकतं. ते निवडणं म्हणजे मोजणं नव्हे.

पुन्हा मोजून सरासरी घेता येते, पण तिला मर्यादा आहे. किती वेळा मोजायचं हे आधी लिहून ठेवायला हवं आणि प्रत्येक वेळी जॉब फिक्स्चरमधून काढून लावायला हवा. चार मोजमापांची सरासरी घेतली तर फक्त १.१ चा घटक निम्मा होऊन ०.५५ वर येतो. मास्टरची शंका, जॉब-जॉबमधला फरक आणि दुरुस्तीची शंका जागच्या जागी राहतात. एकूण दीडवरून १.१७ वर येतं, काठापासूनचं अंतर १.९ होतं आणि पट्टा ६२.०२८१ पर्यंत सरकतो. दुसऱ्या जॉबची सरासरी ६२.०२८८ च्या आसपासच राहिली तर तो अजूनही बाहेर. इतकं करून ०.६ मायक्रॉन मिळाले.

त्यामुळे मी आधी सर्वांत मोठ्या घटकाकडे बघतो. इथे तो १.१ आहे, आणि तो फिक्स्चर आणि तापमान यांतून आलेला. फिक्स्चरचा क्लॅम्प हाउसिंग दाबत असेल तर टॉर्क ठरवून दिल्याने जो फायदा होतो तो चारदा मोजून होत नाही. त्यानंतर जॉब-जॉबमधला फरक: बारा बिंदूंऐवजी स्कॅनिंग केलं की तो उतरतो. पण पद्धत बदलली की वीस मोजमापं पुन्हा करावी लागतात.

हातातल्या अडकलेल्या जॉबसाठी तीन वाटा उरतात. कमी अनिश्चिततेच्या पद्धतीने मोजून घ्या, म्हणजे नीट सेट केलेल्या एअर गेजवर किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेत. ग्राहकाला आकडा, अनिश्चितता आणि शक्यता लिहून सवलत मागा. ७९ टक्के लिहिलेलं पत्र ‘जॉब ठीक वाटतो’ या वाक्यापेक्षा लवकर मंजूर होतं, असा माझा अनुभव आहे. दोन्ही जमत नसेल तर जॉब बाजूला ठेवा.

असे जॉब रोजच येत असतील तर सीएमएमकडे बघणं थांबवा आणि बोरिंग मशीनकडे जा. तीस मायक्रॉनपैकी आपल्याला वापरायला पंचवीसच आहेत. बोअर सतत ६२.०२७ च्या आसपास बसत असेल तर टूलचा ऑफसेट दहा मायक्रॉन आत घेणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

## ९. रिपोर्टवर काय लिहायचं

नुसतं ‘पास’ पुरत नाही. दुरुस्त केलेलं माप, विस्तारित अनिश्चितता आणि तिचा के, वापरलेला नियम आणि कोणता व्यास, हे चारही एका ओळीत बसतात. आपल्या पहिल्या जॉबची ओळ अशी होईल:

‘व्यास (सरासरी वर्तुळ, २० अंश): ६२.०२६७ मिमी; विस्तारित अनिश्चितता ०.००३० मिमी, के = २; निर्णय आयएसओ १४२५३-१ नुसार, ९५ टक्के; स्वीकाराची वरची मर्यादा ६२.०२७५, निकाल: अनुरूप.’

कच्चं रीडिंग ६२.०२८१ आणि दुरुस्ती १.४ मायक्रॉन हे खाली लिहा. ग्राहकाने स्वतःच्या मशीनवर मोजलं आणि आकडा वेगळा आला तर तुलना कशाशी करायची ते त्याला कळेल.

ही अनिश्चितता कायमची नाही. स्टायलसची लांबी बदलली, फिक्स्चर बदललं, प्रोग्राममध्ये बिंदू बदलले, एसी दुरुस्त झाला, मशीनची सर्व्हिस झाली, की मास्टर पुन्हा लावा. मधल्या काळात दर सोमवारी पहिल्या शिफ्टला मास्टर एकदा मोजून तक्त्यावर बिंदू टाका. आपल्या उदाहरणात तो ६२.०१५६ च्या आजूबाजूला, दोन विचलनांच्या आत, म्हणजे ६२.०१३४ ते ६२.०१७८ मध्ये पडायला हवा. एखादाच बिंदू बाहेर गेला तर जॉब पुसून, वीस अंशांवर आणून पुन्हा मोजा. पुन्हाही बाहेरच आला, तर मागच्या सोमवारपासून या बोअरवर दिलेले पट्ट्याच्या काठाजवळचे सगळे निकाल रोखून ठेवा आणि पाचव्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा.